दाराचा बार आणि भरलेली सॅक: आठ पुल-अपच्या पुढे कसे जावे

प्रश्न: मी होस्टेलच्या खोलीत राहतो, वजन 62 किलो आहे. सलग 8 पुल-अप होतात, पण दोन महिने झाले तरी तिथेच अडकलोय. दाराच्या चौकटीत बसणारा बार आणि कॉलेजची सॅक एवढंच सामान आहे, जिमला जाणं जमत नाही. सॅकमध्ये किती वजन घालू आणि ते कसं वाढवू?

उत्तर:

सॅकमध्ये काहीही भरण्याआधी तुमचे आठ पुल-अप एकदा नीट मोजून घ्यावेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा राहणार आहे. मोबाइल खुर्चीवर बाजूने उभा ठेवून चित्रण करा. प्रत्येक वेळी खाली येताना कोपर पूर्ण सरळ झाले पाहिजे, वर जाताना मान न ताणता हनुवटी बारच्या वर गेली पाहिजे आणि पाय झटकून घेतलेला वेग कुठेही दिसता कामा नये. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आठ या कसोटीवर सहा किंवा पाच ठरतात, आणि शेवटचे दोन-तीन अर्ध्यावरूनच उचललेले असतात. तुमचेही तसे निघाले, तर आधी तीन-चार आठवडे सॅकविना तेच आठ शुद्ध करून घ्यावेत. अर्धवट हालचालीवर वजन लादले की स्नायूंऐवजी त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कोपराच्या कंडरांवर ताण जातो, आणि त्याची किंमत महिनाभराने कळते. ती खूण कशी ओळखायची ते पुढे लिहिले आहे.

आता बार. होस्टेलच्या दारात साधारणपणे दोन प्रकारचे बार आणले जातात. पहिला चौकटीच्या वरच्या पट्टीला मागून अडकवून लटकणारा. त्याला भिंतीच्या पुढे आलेली लाकडी पट्टी लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेक होस्टेलांत चौकट भिंतीच्या गिलाव्याला सपाट लागून असल्यामुळे त्याला पकडच मिळत नाही. दुसरा म्हणजे चौकटीच्या दोन बाजूंमध्ये पिळून घट्ट बसवायचा बार, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचा हाच असावा. तो केवळ घर्षणावर टिकतो. रबरी टोपी चौकटीवर जितकी जोराने दाबली जाईल आणि तिथला पृष्ठभाग जितका खडबडीत असेल, तितकी त्याची पकड चांगली. गुळगुळीत ऑइल पेंटवर धूळ किंवा पावसाळ्यातला ओलावा बसला की ती पकड कुणाला न कळता कमी होते. विद्यार्थिदशेत मी स्वतः असाच एकदा ऐन जुलैत सॅकसकट पाठीवर पडलो. उंची जेमतेम दोन फूट होती, पण खाली सॅकमधल्या भरलेल्या बाटल्या आल्या आणि माकडहाड तीन आठवडे दुखत राहिले. त्यानंतर मी जो रिवाज पाळत आलो आहे, तो तुम्हीही पाळावा असे मला मनापासून वाटते.

आधी चौकटीवर बोटाने टकटक करून पाहा. भरीव लाकूड किंवा सिमेंटची चौकट असेल तर आवाज बसका येतो. पत्र्याची पोकळ चौकट ठणठणते, आणि बार पिळल्यावर तिचा पत्रा बाहेरच्या बाजूला फुगलेला दिसतो. अशा चौकटीत सॅक घालून लटकू नये. त्यापेक्षा मैदानावरचा सिंगल बार गाठावा आणि सॅक तिकडे न्यावी. लाकडी चौकटीला दाराचा पल्ला टेकण्यासाठी एक खाच असते. बारची टोपी या खाचेच्या कडेवर अर्धी आत आणि अर्धी बाहेर बसली, तर ती निम्म्याच भागावर दाबली जाते. म्हणून टोपी पूर्णपणे सपाट भागावर बसेल अशीच जागा निवडावी. बहुधा ती जागा खाचेच्या पलीकडे, व्हरांड्याच्या बाजूला सापडते. टोप्या आणि चौकट दोन्ही ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावीत आणि मगच बार पिळावा. तो बसला की टोपीच्या कडेवरून चौकटीवर जाणारी पेन्सिलची एक बारीक रेघ ओढावी, आणि बारचा मधला नळा जिथे फिरतो त्या सांध्यावर दुसरी. बार सरकला तर पहिली रेघ तुटते, पिळ सैल झाला तर दुसरी. दर सेटआधी दोन्ही रेघांकडे एक नजर टाकायला दोन सेकंद लागतात.

बारसोबत चौकटीला स्क्रूने बसवायच्या वाट्या आल्या असतील आणि चौकट भरीव लाकडाची असेल, तर रेक्टरांची परवानगी काढून त्या बसवून घ्याव्यात. सॅकसह सराव करणाऱ्यासाठी हाच खरा सुरक्षित मार्ग आहे, कारण मग भार घर्षणाऐवजी स्क्रूंवर येतो. परवानगी मिळाली नाही, तर घर्षणावरच्या बारवर सॅकचे वजन दहा किलोच्या वर नेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. बारवर छापलेला शंभर-दीडशे किलोचा आकडा बारच्या नळ्याबद्दल असतो. तुमच्या चौकटीच्या रंगाबद्दल तो काहीच सांगत नाही.

बार किती उंचीवर लावायचा यातही विचार आहे. पायांची बोटे जमिनीला टेकलेली असताना हात बारपर्यंत सहज पोहोचले पाहिजेत, म्हणजे उडी मारून लटकावे लागत नाही. सॅक घालून उडी मारून बार पकडला, तर त्या क्षणी बारवर येणारा झटका तुमच्या एकूण वजनापेक्षा बराच मोठा असतो, आणि बार निसटतो तो बहुतेक तेव्हाच. शिवाय डोके वर जायला बारच्या वर वीतभरापेक्षा थोडी जास्त जागा हवी. उभे राहून बार पकडावा, हळूहळू गुडघे वाकवून वजन हातांवर घ्यावे आणि मग सुरुवात करावी. संपवतानाही पाय आधी टेकवावेत आणि मग हात सोडावेत. खालच्या मजल्यावर झोपलेल्यांनाही त्यामुळे त्रास होत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वजनाचा विचार करताना सॅक किती किलोची आहे असे न म्हणता एकूण किती किलो वर ओढतो आहे असे म्हणायची सवय लावा, कारण स्नायूंना सॅक वेगळी आणि शरीर वेगळे असे काही कळत नाही. तुम्ही 62 किलो आठ वेळा ओढता. व्यायामशास्त्रात एक ढोबळ नियम वापरला जातो. ओढलेले वजन घ्यावे, आवृत्त्यांना 30 ने भागून त्यात 1 मिळवावा आणि दोन्हींचा गुणाकार करावा, म्हणजे एकदाच ओढता येईल अशा कमाल वजनाचा अंदाज मिळतो. तुमच्या बाबतीत 8 भागिले 30 म्हणजे सुमारे 0.27, त्यात 1 मिळवून 62 ने गुणले की साधारण साडेअठ्ठ्याहत्तर किलो येतात. हाच नियम उलटा लावून पाच आवृत्त्यांसाठी वजन काढले, तर सुमारे 67 किलो येते. म्हणजे सॅकमध्ये पाच किलो. हा अंदाज आहे, माप नव्हे, आणि आवृत्त्या दहाच्या वर गेल्या की तो अधिकच ढिला होतो. पण सुरुवात कुठून करायची हे ठरवायला तो पुरेसा आहे. दोन किलोने सुरू केले तर महिनाभर फरक जाणवत नाही, आणि बारा किलोने सुरू केले तर मुले मान ताणून अर्धे पुल-अप काढू लागतात. या दोन्ही चुका मी वरचेवर पाहतो.

पाच किलो भरण्यासाठी एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या सर्वांत सोयीच्या, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि काटा नसला तरी हिशेब चुकत नाही. बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. अर्धवट भरलेल्या बाटलीतले पाणी हिंदकळते आणि वर जाताना शरीर डोलते. पुढे बाटल्यांना जागा अपुरी पडेल, तेव्हा त्यांतच कोरडी वाळू भरता येते. एका लिटरच्या बाटलीत ती साधारण दीड किलो बसते, पण ती मात्र एकदा काट्यावर तोलून बाटलीवर आकडा लिहून ठेवावा. रिकाम्या सॅकचे वजनही हिशेबात धरावे. ते बहुधा पाऊण ते एक किलो असते.

सॅक भरण्याची पद्धत मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण बिघाड बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. बाटल्या पाठीला लागून असलेल्या कप्प्यात उभ्या ठेवाव्यात, आणि बाहेरच्या बाजूला उरलेल्या पोकळीत चादर किंवा टॉवेल इतका घट्ट कोंबावा की सॅक हलवली तरी आत काही सरकणार नाही. वजन पाठीपासून जितके लांब, तितके शरीर मागे ओढले जाते, कंबरेत बाक येतो आणि पुल-अप तिरका होतो. खांद्याचे पट्टे एवढे आवळावेत की सॅकचा तळ कंबरेच्या वरच राहील. त्यानंतर छातीवर दोन्ही पट्टे एकमेकांना बांधणे आवश्यक आहे. सॅकला छातीचा पट्टा नसेल तर एखादी जुनी ओढणी किंवा गमछा चालतो. हात वर करून लटकले की खांदे कानांकडे सरकतात आणि न बांधलेले पट्टे बाहेरच्या बाजूला घसरू लागतात. मग माणूस नकळत खांदे आखडून धरतो आणि पूर्ण खाली येतच नाही. सॅक फाटते ती पट्ट्याचा खालचा टोकाकडचा भाग जिथे शिवलेला असतो तिथे. ती शिवण आठवड्यातून एकदा बोटाने चाचपून पाहावी, आणि दोरे सैल दिसले तर चांभाराकडून जाड दोऱ्याने दुहेरी टाके घालून घ्यावेत.

तुम्ही दोन महिने आठावरच का अडकलात, त्याचे कारण तुम्ही लिहिलेले नाही, पण होस्टेलच्या खोलीत ते जवळजवळ नेहमी एकच असते. बार समोर दारातच असतो, आणि येता-जाता दिवसातून तीन-चार वेळा दम संपेपर्यंत लटकणे होते. शरीराला रोज तेच काम त्याच टोकापर्यंत मिळते आणि भरून यायला वेळ मिळत नाही. म्हणून ओढण्याचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवावेत, समजा सोमवार आणि गुरुवार. मधल्या दिवसांत बारला हात लावू नये. आधीच्या सवयीमुळे हे अवघड जाते, तेव्हा गरज पडली तर बार काढून खाटेखाली ठेवावा.

सोमवार सॅकचा. आधी सॅकविना नुसते लटकून खांद्याचे फरे खाली खेचायचे आणि सोडायचे असे आठ-दहा वेळा करावे, मग तीन साधे पुल-अप. त्यानंतर पाच किलोची सॅक घालून चार सेट, प्रत्येकात चार पुल-अप, दोन सेटमध्ये पूर्ण तीन मिनिटे विश्रांती. हिशेबाने पाच निघत असले तरी सुरुवातीला चारवर थांबायचे, म्हणजे प्रत्येक सेटनंतर आणखी एक निघाला असता असे वाटले पाहिजे. पहिल्या सोमवारी 4, 4, 4, 3 असे होण्याची शक्यता आहे, आणि त्यात काही वावगे नाही. चारही सेटमध्ये पाच-पाच निघू लागले की पुढच्या वेळी सॅकमध्ये एक किलो वाढवावा आणि पुन्हा चारवर यावे. एक किलो म्हणजे तुमच्या एकूण ओढण्याच्या दीड टक्का. तो फार थोडा वाटतो, पण खोलीतल्या साधनांत सॅकचा मोठा गुण हाच आहे की तिच्यात इतकी बारीक वाढ करता येते, आणि अडखळलात तर अर्ध्या लिटरच्या बाटलीने अर्धा किलोही वाढवता येतो.

गुरुवारी सॅक नको. साधे पुल-अप पाच सेट, प्रत्येकात पाच, दोन मिनिटांच्या विश्रांतीने, आणि प्रत्येक सेटमधला शेवटचा पुल-अप पाच सेकंद मोजत खाली आणावा. तो दिवस हालचालीची शुद्धता राखण्यासाठी आहे, तिथे चढाओढ करू नये. दर चौथ्या आठवड्यात सोमवारीही सॅक बाजूला ठेवून तीनच सेट करावेत. परीक्षा किंवा सबमिशनचा आठवडा आला तर हा हलका आठवडा तिकडे सरकवला तरी चालतो.

बारा आठवड्यांनी काय अपेक्षा ठेवावी? माझ्याकडच्या जवळपास याच वजनाच्या एका विद्यार्थ्याची वही सांगतो. तोही पाच किलोपासून सुरू झाला. पहिले तीन आठवडे पाच किलोवरच गेले, मग साधारण दर दोन आठवड्यांनी एक किलो वाढत गेला, आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी नऊ किलोची सॅक घालून त्याने चारही सेटमध्ये पाच-पाच काढले. मधल्या काळात त्याचे स्वतःचे वजन 62 चे 63 झाले होते, म्हणजे एकूण 72. वरच्या नियमाने त्याचा कमाल अंदाज 84 किलोचा झाला, आणि तेच गणित उलटे केले की सॅकविना दहा पुल-अप येतात. प्रत्यक्ष चाचणीत त्याने स्वच्छ दहा काढले. आठाचे दहा, तेही तीन महिन्यांत, हे ऐकायला लहान वाटेल. पण सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत बीमवरच्या पूर्ण गुणांसाठी दहाच पुल-अप लागतात, आणि तिथे पोहोचायला बऱ्याच मुलांना याहून अधिक वेळ लागतो. त्याच्या वहीत वजनाचे तीन रकाने होते: शरीराचे, सॅकचे आणि बेरजेचे. तिसरा रकाना वाढत असेल तर तुम्ही पुढे जात आहात, मग सॅकचा आकडा एखादा आठवडा स्थिर राहिला तरी हरकत नाही.

आता कोपराचे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, पण स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा त्याहून संथ गतीने जुळवून घेते. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात ताकद वाढलेली जाणवते, आणि नेमके तेव्हाच कोपर कुरकुरू लागते. पहिली खूण व्यायामात दिसत नाही. सकाळी आंघोळीची भरलेली बादली उचलताना कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर बारीक कळ येते. व्यायामाला सुरुवात केली, अंग तापले की ती नाहीशी होते, आणि त्यामुळेच मुले फसतात. ही कळ सलग दोन दिवस आली तर सॅक लगेच उतरवावी, पुल-अपचे सेट निम्मे करावेत, आणि बारची पकड बदलून पाहावी. तळवे स्वतःकडे वळवून चिन-अप करत असाल तर ते तात्पुरते बंद ठेवावेत, कारण त्यात या भागावर ताण अधिक येतो. बारवर फोमचे जाड आवरण असेल तर तेही काढून टाकावे. ते हातात फिरत राहते, आणि त्याला रोखण्यासाठी मुठी गरजेपेक्षा जास्त आवळल्या जातात. जोडीला मांडीवर कोपरापुढचा हात टेकवून, तळवा वर ठेवून, भरलेली एक लिटरची बाटली धरावी आणि मनगट तीन-चार सेकंदांत सावकाश खाली सोडावे. वर आणताना दुसऱ्या हाताने मदत करावी. दिवसाआड पंधरा-पंधराचे तीन सेट पुरे. थोडेसे दुखणे चालते, पण दुसऱ्या सकाळी बादली उचलताना कळ वाढलेली असेल तर प्रमाण कमी करावे. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर मात्र हा कंडरेचा नेहमीचा त्रास नव्हे, तिथल्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. तेव्हा सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पायांबद्दल आणि छातीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सॅक भरलेलीच आहे म्हणून थोडक्यात लिहितो. दहा किलोच्या सॅकने दोन्ही पायांच्या बैठका तुम्हाला लवकरच हलक्या वाटतील, म्हणून मागचा पाय एखाद्या बुटक्या स्टुलावर ठेवून एका पायाची बैठक करावी, सॅक उलटी पोटाशी धरून, खाली जाताना तीन सेकंद मोजत. खाट यासाठी बहुधा जास्त उंच पडते आणि तिची लोखंडी कड पायाला लागते. जोर काढताना सॅक कंबरेवर न ठेवता खांद्याच्या फऱ्यांवर आवळून बांधावी, म्हणजे तिचा भार हातांवर येतो आणि पाठीला बाक येत नाही. हे दोन्ही मंगळवारी आणि शुक्रवारी करता येतात.

सॅकची मर्यादाही आताच सांगून ठेवतो. पंधरा किलोच्या आसपास साध्या कॉलेज सॅकचे पट्टे खांद्यात रुतू लागतात, आणि पूर्ण लटकलेल्या अवस्थेत मानेच्या बुडाशी इतके दाबतात की शेवटच्या आवृत्त्या ताकद संपल्यामुळे नव्हे तर त्या दाबामुळे सुटतात. तिथे पोहोचलात की कंबरेला बांधायचा जाड पट्टा घ्यावा आणि तीच सॅक त्याला दोरीने अडकवून दोन्ही पायांच्या मध्ये लोंबू द्यावी. त्यासाठी जमिनीपासून अधिक उंच बार लागतो, म्हणून ते काम दारातल्या बारवर न करता मैदानावरच्या सिंगल बारवर करावे.